जपानमध्ये हॉटेलात दाखवायचं शाकाहारी कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला फिरायला किंवा कामाला जाणारे बरेच जण मला हेच प्रश्न परत परत पाठवतात, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. मी स्वतः माळकरी घरातली, आईला घेऊन दोनदा जाऊन आलेय, आणि या कार्डचा मजकूर तिथल्या अनुभवावरून तीन वेळा बदललाय.

१. कार्ड कशाला हवं? "आय अ‍ॅम व्हेजिटेरियन" सांगितलं की पुरत नाही का?

नाही पुरत. हा शब्द तिथे ऐकलेला असतो, पण त्यातून समजतं एवढंच की याला भाज्या आवडतात, मांस नको. जपानी भाषेत मांसाला निकु म्हणतात, आणि निकु म्हटलं की डोळ्यापुढे येतं बीफ, पोर्क, चिकन. मासा त्यात येत नाही. म्हणजे "निकु नको" म्हटलंत तर तुमच्यासमोर माशाची डिश प्रेमाने येऊ शकते, आणि देणाऱ्याला वाटतं की मी यांची अगदी नीट काळजी घेतली. बरं, "मासा पण नको" म्हटलंत तर माशाचा तुकडा काढून टाकतात, रस्सा तोच राहतो. यात कोणाची चूक नाही, त्यांच्या डोक्यात रश्श्यातला अर्क म्हणजे मासा नव्हेच. आपल्याकडे कोणी म्हणालं की भाजीत खोबरं नको, आणि आपण गोडा मसाला घातला, तर त्या मसाल्यात काय काय आहे हे आपण थोडीच मोजतो. तसंच आहे ते.

२. दाशी दाशी सगळे म्हणतात, ती नेमकी असते तरी कशात?

दाशी म्हणजे जपानी स्वयंपाकाचं मूळ पाणी. सगळ्यात जास्त वापरतात ती कात्सुओबुशीची, म्हणजे कात्सुओ नावाचा मासा उकडून, धुरावर वाळवून लाकडासारखा कडक करतात आणि त्याचे पातळ काप गरम पाण्यात टाकून गाळून घेतात. दुसरी निबोशीची, म्हणजे छोटे सुके मासे. तिसरी कोंबूची, कोंबू म्हणजे समुद्री शेवाळाच्या जाड पट्ट्या, ही आपल्याला चालते. पण अडचण अशी की बऱ्याच ठिकाणी कोंबू आणि कात्सुओ एकत्रच घालतात, आणि गाळल्यावर रस्सा दिसायला स्वच्छ पारदर्शक, त्यात काय होतं हे बघून कळतच नाही.

आता ती असते कुठे? मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या सूपमध्ये, उदोन आणि सोबा या शेवयांच्या रश्श्यात, थंड सोबा बुडवून खायच्या सॉसमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, तोफू तळून जो पातळ रस्सा ओततात त्यात, अंड्याच्या गुंडाळीत, आणि तळलेल्या तोफूत भात भरलेल्या इनारी सुशीत सुद्धा, कारण तो तोफू बहुतेक वेळा दाशीत शिजवलेला असतो. पोन्झू नावाचा आंबट सॉस असतो, त्यातही बऱ्याचदा असते. थंड तोफूवर वरून जे तपकिरी पातळ काप भुरभुरलेले असतात तेही कात्सुओबुशीच. गरम पदार्थावर टाकले की वाफेने हलतात, ते हलताना दिसले की लगेच ओळखायचं.

३. मग कार्डवर नेमकं काय लिहायचं? तयार मजकूर द्या ना.

हा घ्या. दूध चालतं, अंडं चालत नाही, असं धरून लिहिलाय. तुमचं वेगळं असेल तर प्रश्न ८ आणि १० बघा.

```
お店の方へ
恐れ入ります。
私は宗教上の理由で、次のものが食べられません。
少しの量でも、だしやエキスでも食べられません。

✕ 肉（牛・豚・鶏・ハム・ベーコン）
✕ 魚・えび・かに・いか・貝
✕ かつおだし・煮干しだし・かつお節
✕ 卵
✕ ラード・ゼラチン・肉エキス

○ 野菜・豆腐・ごはん・海藻
○ 昆布だし・しょうゆ・みそ（だしなし）
○ 牛乳・バター

食べられる料理はありますか。
なければ、遠慮なくおっしゃってください。
お手数をおかけします。
```

ओळीओळीने अर्थ असा: हॉटेलमधल्या मंडळींसाठी. माफ करा. धार्मिक कारणाने मला पुढच्या गोष्टी खाता येत नाहीत, थोड्या प्रमाणातही नाही आणि दाशी किंवा अर्काच्या रूपातही नाही. मग फुल्यांमध्ये मांस, मासे आणि कोळंबी-खेकडा-माकूळ-शिंपले, माशाच्या दोन्ही दाशी आणि कात्सुओबुशीचे काप, अंडं, डुकराची चरबी, जिलेटिन आणि मांसाचा अर्क. गोलांमध्ये भाज्या, तोफू, भात, समुद्री शेवाळ, कोंबूची दाशी, सोया सॉस, दाशी न घातलेली मिसो, दूध, बटर. शेवटी विचारलंय की यातून मला खाता येईल असं काही आहे का, नसेल तर मोकळेपणाने सांगा, तुम्हाला त्रास देतेय.

कारण धार्मिक नसेल तर तिसरी ओळ पूर्ण काढून तिच्या जागी ही लिहा, खोटं कारण लिहायची गरज नाही:

```
私は菜食主義のため、次のものが食べられません。
```

४. एवढं लांबलचक आणि गोड बोलून कशाला? "नो मीट नो फिश" मोठ्या अक्षरात छापलं तर पटकन कळेल की.

माझं पहिलं कार्ड असंच होतं. त्यावर भात, लोणचं आणि मिसो सूप आलं, सूपाचा वास घेतल्यावर कळलं. त्यांनी कार्ड वाचलं होतं, पाळलंही होतं, सूपात तर एकही मासा नव्हता.

तर यातल्या तीन गोष्टी मुद्दाम आहेत. एक, "खात नाही" नाही तर "खाता येत नाही" लिहिलंय. ताबेमासेन म्हटलं की आवड-नावड वाटते, ताबेरारेमासेन म्हटलं की नियम आहे हे समजतं. दोन, दाशी आणि अर्क हे शब्द वेगळे लिहिलेत, कारण तिथेच सगळं निसटतं (प्रश्न १ आणि २). तीन, शेवटची "नसेल तर मोकळेपणाने सांगा" ही ओळ. ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समोर आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं तिथे फार जड जातं, मग स्वयंपाकघर अवघडून काहीतरी जमवून देतं आणि त्या जमवाजमवीतच दाशी येते. तुम्ही स्वतःच नाही म्हणायची वाट मोकळी करून दिलीत की ते खरं सांगतात.

आणि काय चालतं त्याची यादी तर हवीच. नुसत्या फुल्या वाचून आचारी विचार करत बसतो, गोल वाचून त्याला डिश सुचते.

५. छापायचं कसं? बरोबरची खूण घातली तर चालेल ना? मोबाईलवर दाखवलं तर?

बरोबरची खूण नका घालू! जपानमध्ये शाळेत उत्तर चुकलं की बऱ्याचदा तीच खूण करतात, बरोबर उत्तराला गोल असतो. म्हणून ○ आणि ✕ च ठेवा, यात घोटाळा होत नाही.

आकार पोस्टकार्डाच्या अर्ध्याएवढा बरा, व्हिजिटिंग कार्डाएवढा केला तर अक्षरं इतकी बारीक होतात की मंद दिव्याच्या हॉटेलात वयस्कर आचाऱ्याला वाचता येत नाहीत. लॅमिनेट करा, कारण ते स्वयंपाकघरात जातं आणि ओलं होतं. दोन-तीन प्रती ठेवा, एखादी आत राहून जाते. मागच्या बाजूला मराठीत अर्थ लिहून ठेवला तर आईवडिलांनाही कळतं आपण काय दाखवतोय. मोबाईलवर चालतं, पण वेटर तुमचा फोन उचलून आत न्यायला संकोचतो, मग तो वाचून तोंडी निरोप देतो, आणि तोंडी निरोपात दाशीची ओळ गळते. देताना दोन्ही हातांनी द्या.

६. कोणाला आणि कधी दाखवायचं? ते हो म्हणतायत की नाही हे ओळखायचं कसं?

दारातच, बसायच्या आधी. टेबलावर पाणी आणि गरम टॉवेल आला की उठून जायला आपल्यालाही कसंतरी होतं आणि त्यांनाही. शक्यतो दुपारी साडेबारा-एकची गर्दी टाळा, साडेअकराला गेलात तर आचाऱ्याला कार्ड वाचायला वेळ असतो. आणि आत दाखवा असं सांगा, त्यासाठी कार्डच्या वर छोटी ओळ टाकता येईल:

```
厨房の方に見せていただけますか。
```

म्हणजे "स्वयंपाकघरातल्या लोकांना दाखवाल का". वेटर कॉलेजचा पार्ट टाइम मुलगा असतो, त्याला रश्श्यात काय पडतं ते ठाऊक नसतं.

आता उत्तर. "मुझुकाशी" म्हणाले म्हणजे शब्दशः अवघड आहे, पण अर्थ नाही असाच. "चोत्तो" म्हणून वाक्य अर्धं सोडून मान तिरकी केली, दातांतून हवा ओढली, तरी नाहीच. अशा वेळी आग्रह धरू नका, धन्यवाद म्हणून मान वाकवून निघा. "दाइजोबु" मात्र फसवं आहे, त्याचा अर्थ ठीक आहे असाही होतो आणि नको, राहू द्या असाही होतो, त्यामुळे तेवढ्यावर न थांबता कार्डवरच्या दाशीच्या ओळीवर बोट ठेवून परत विचारा. खरा होकार कसा असतो सांगू का, ते कार्ड आत नेतात, दोन-चार मिनिटं लागतात, आणि परत येऊन मेनूवर बोट ठेवून सांगतात हे चालेल, हे काढून देतो. कार्ड न वाचताच लगेच ओके ओके आलं तर मी सावध होते.

७. उदोनच्या दुकानात कित्सुने उदोन शाकाहारी असतो ना? त्यात फक्त तोफू दिसतो.

दिसतो तोफूच, पण रस्सा माशाचा आणि तोफूही बहुतेक वेळा त्याच चवीत शिजवलेला. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून एकदा नीट सांगते काय झालं ते.

ओसाकात स्टेशनजवळच्या एका छोट्या दुकानात आई आणि मी सकाळी अकराच्या सुमाराला गेलो. मालकीणबाईंनी कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, पूर्ण वाचलं, कात्सुओच्या ओळीवर बोट ठेवून रश्श्याच्या पातेल्याकडे बघितलं आणि मान हलवली. आम्ही निघणार तेवढ्यात त्यांचं लक्ष खालच्या गोलांकडे गेलं, सोया सॉसवर. आत गेल्या, आणि बाहेर येऊन किजोयु उदोन म्हणाल्या. म्हणजे उकडलेल्या उदोनच्या शेवया, त्यावर नुसता सोया सॉस. मी विचारलं सॉसमध्ये दाशी? तर त्यांनी आतून बाटलीच आणून दाखवली, कारण याच नावाने काही ठिकाणी दाशी घातलेला सॉसही वापरतात, हे विचारायलाच हवं. मग वर कांद्याची पात, किसलेलं आलं, तीळ आणि नोरी या समुद्री शेवाळाचे काप. तळलेल्या पिठाचे कुरकुरीत कण त्यांनी स्वतःहून बाजूला ठेवले, कारण त्या पिठात अंडं असतं.

शेवया सुद्धा विचाराव्या लागतात, त्या कधी कधी रश्श्यातच गरम करतात. आमच्यासाठी साध्या उकळत्या पाण्यात केल्या. आईने दोन वाट्या खाल्ल्या. म्हणजे कार्डमुळे मेनूवरची डिश मिळाली नाही, मेनूवर नसलेली मिळाली, आणि ती मिळाली गोलांच्या यादीमुळे.

थंड सोबा घेतलात तरी हेच तंत्र, शेजारी दिलेला सॉस बाजूला ठेवायचा आणि मीठ किंवा साधा सोया सॉस मागायचा. वरून भुरभुरलेले काप नको असतील तर "कात्सुओबुशी नुकी दे" म्हणा, नुकी म्हणजे वगळून.

८. आम्ही कांदा-लसूण खात नाही / जैन आहोत. हेच कार्ड चालेल का?

मूळ कार्ड तेच, फुल्यांच्या खाली या ओळी जोडा, जी लागू नाही ती काढा:

```
✕ 玉ねぎ・ねぎ・にんにく・にら
✕ じゃがいも・にんじん・大根・ごぼうなどの根菜
✕ しょうが
✕ きのこ・しいたけだし
```

पहिली कांदा, पात, लसूण आणि निरा नावाच्या पातीची, दुसरी बटाटा, गाजर, मुळा, गोबो अशा सगळ्या कंदांची, तिसरी आल्याची, चौथी मशरूम आणि शिताके या मशरूमच्या दाशीची. कंद लिहाल तर सगळे कंद असं नुसतं लिहू नका, दोन-तीन नावं द्या, नाहीतर बटाटा त्यात मोजायचा का यावर गोंधळ होतो. आणि वरच्या गोलांमध्ये "भाज्या" लिहिलंय तिथे चालणाऱ्या भाज्यांची नावं घाला, म्हणजे कोबी, काकडी, भोपळा, वांगं, टोमॅटो. काय आहे की फुल्या वाढल्या की गोल जास्त स्पष्ट लागतात.

इथे खरं ते सांगते, एवढ्या सगळ्या ओळी घेऊन चालत्या गर्दीच्या हॉटेलात गेलात तर बहुतेक ठिकाणी नाहीच ऐकायला मिळेल. काकडीची माकी म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भात, साधा भात, एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, नुसता तोफू एवढ्यावर भागवायची तयारी ठेवा किंवा आधी कळवून जा.

९. सरळ अ‍ॅलर्जी आहे सांगितलं तर जास्त काळजी घेतील ना?

घेतील, आणि म्हणूनच नका सांगू. अ‍ॅलर्जी म्हटलं की जिवाचा प्रश्न होतो, भांडी वेगळी, तेल वेगळं, आणि छोट्या दुकानाला ते शक्य नसतं म्हणून हात जोडून नाही म्हणतात, जिथे खरं तर तुम्हाला साधा सोया सॉस उदोन मिळाला असता. शिवाय ज्याला खरंच अ‍ॅलर्जी आहे त्याच्या वेळी हा शब्द हलका होतो.

अजून एक, बऱ्याच हॉटेलांत अ‍ॅलर्जीचा तक्ता असतो आणि लोक त्यावर विसंबतात. जपानमध्ये ज्या पदार्थांची नोंद पाकिटावर करायलाच लागते त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा वगैरे आहेत, पण कात्सुओ त्यात नाही. म्हणजे तक्त्यात सगळे रकाने रिकामे असले तरी दाशी असू शकते. अंड्यासाठी तक्ता उपयोगी, दाशीसाठी नाही.

१०. आम्हाला अंडं चालतं. किंवा उलट, दूधसुद्धा नको. काय बदलायचं?

अंडं चालत असेल तर ✕ मधली `卵` ची ओळ काढा आणि ○ मध्ये टाका. पण अंड्याची गुंडाळी मागवताना दाशी विचाराच (प्रश्न २). दूध नको असेल तर शेवटची गोलाची ओळ काढून फुल्यांमध्ये `牛乳・乳製品` लिहा, म्हणजे दूध आणि दुधाचे पदार्थ.

११. भाज्यांचा तेंपुरा तरी सुरक्षित ना?

नेहमीचं पीठ अंडं, गार पाणी आणि मैद्याचं असतं, म्हणून अंडं न खाणाऱ्यांना नाही. अंडं चालत असलं तरी तेल तेच ज्यात कोळंबी तळली. सोबतच्या सॉसमध्ये दाशी. तुम्हाला वेगळं तेलच हवं असेल तर ही ओळ घाला:

```
肉や魚と同じ油で揚げたものも食べられません。
```

घालायची की नाही हे घरात आधी ठरवा. ती घातली की तळलेलं जवळपास सगळं बंद होतं, आणि नंतर टेबलावर बसून यावर वाद घालण्यापेक्षा आधीच ठरलेलं बरं. आमच्या कार्डवर आईच्या प्रतीत ती आहे, माझ्या प्रतीत नाही.

१२. देवळातलं शोजिन जेवण पूर्ण शाकाहारी असतं म्हणतात, तिथे कार्ड नको ना?

शोजिन र्‍योरी म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण, मांस-मासे नाहीत, दाशी कोंबू आणि शिताकेची, आणि परंपरेने कांदा-लसूणही वर्ज्य. वाकायामामधल्या कोयासानला मठातच मुक्काम करून हे जेवण मिळतं, आम्ही राहिलोय, तिळाचा तोफू आणि कोयाचा वाळवलेला तोफू आईला फार आवडला. पण जैन मंडळींनी लक्षात घ्या, यात मुळा, गोबो, मशरूम भरपूर असतात, म्हणून प्रश्न ८ च्या ओळी लागतातच. आणि शहरातली काही हॉटेलं "शोजिन पद्धतीचं" म्हणून जे देतात त्यात माशाची दाशी असू शकते, तिथे कार्ड काढाच.

१३. मिरिन, साके यातल्या दारूचं काय?

मिरिन ही स्वयंपाकाची गोड दारू आणि साके ही तांदळाची दारू, दोन्हींत अल्कोहोल असतं आणि शिजवताना सर्रास घालतात. तुम्हाला तेही नको असेल तर फुल्यांमध्ये `酒・みりん` लिहा. आम्ही लिहीत नाही, कारण त्याने शिजवलेल्या भाज्या पूर्ण बंद होतात. हा ज्याचा त्याचा निर्णय.

१४. दुकानातल्या पाकिटांवर कार्ड कसं वापरायचं?

कार्डमधली आणि खाली दिलेली अक्षरं पाकिटामागच्या घटकांच्या यादीत शोधायची. ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे, ब्रेड, चिप्स, करी रू म्हणजे करीच्या तयार वड्या, सगळं उलटून बघा. करी रूमध्ये गुरांची चरबी फार वेळा असते, योगर्ट आणि मूसमध्ये जिलेटिन, आणि किमचीत बऱ्याचदा कोळंबी किंवा माशाचा सॉस. उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ, त्याचा ओनिगिरी बहुतेक बरा, पण काही उमेबोशी कात्सुओ लावलेली असते. ही अक्षरं मोबाईलवर सेव्ह करून ठेवा, ओळीने अर्थ असे: कात्सुओ, मासे-शिंपले, निबोशी, अर्क, मग जिलेटिन, डुकराची चरबी, गुरांची चरबी, डुक्कर, कोंबडी, अंडं:

```
かつお　魚介　煮干し　エキス
ゼラチン　ラード　牛脂　豚　鶏　卵
```

१५. एकादशीला काय करायचं?

कार्ड ठेवून द्या, उपासाचं तिथे समजावता येत नाही. थंडीच्या दिवसांत सुपरमार्केटमध्ये गरम भाजलेली रताळी मिळतात, आईने दोन्ही एकादशा त्यांच्यावर आणि केळ्यांवर काढल्या.

१६. आम्ही वीस जणांचा ग्रुप आहोत, प्रत्येकाचं वेगळं कार्ड काढायचं?

नको, हॉटेलवाल्यांना वीस कागद वाचायला लावू नका. सगळ्यांत कडक ज्याचं खाणं आहे त्याचं एक कार्ड धरा आणि तोच मजकूर बुकिंग करताना पाठवा, निदान तीन-चार दिवस आधी, आणि खाली लिहा किती जणांसाठी. उत्तर आलं की त्यात कोंबू दाशीचा उल्लेख आहे का बघा. नुसतं "शाकाहारी जेवण देऊ" आलं असेल तर परत दाशीची ओळ पाठवून विचारा. र्‍योकानमध्ये म्हणजे पारंपरिक मुक्कामाच्या जागी तर हे लागतंच, कारण रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी दोन्ही तेच करतात आणि सामान आधीच आणून ठेवतात. पोचल्यावर छापील कार्ड परत द्या, कारण बुकिंग घेणारा आणि रांधणारा एकच असेल असं नाही.